४० ते ४७.५ : अर्ध्या अर्ध्या किलोने वाढवलेला ओव्हरहेड प्रेस

स्क्वॉट आणि डेडलिफ्ट वाढत राहतात, बेंचही रडतखडत पुढे सरकतो, पण उभ्याने बार डोक्यावर नेण्याचा प्रेस एका आकड्यावर येऊन बसतो. माझ्या वहीत तो आकडा ४० आणि ४२.५ किलोच्या मधे कुठेतरी होता. बार एकदा वर नेऊन खाली आणला की एक रेप. ४० किलोचे ५-५-५ असे, म्हणजे प्रत्येकी पाच रेपचे, तीन सेट नीट व्हायचे. ४२.५ लावले की ४-४-३. पुढच्या आठवड्यात पुन्हा ४-४-३, त्याच्या पुढच्या आठवड्यात एखादा ५-३-३. बेरीज ११ च्या पुढे हलत नव्हती.

यात ताकद संपली असे काही नव्हते, हिशेबच तसा आहे. बहुतेक जिममधली सर्वांत लहान प्लेट १.२५ किलोची असते आणि दोन्ही बाजूंना एकेक लावली की उडी २.५ किलोची होते. १०० किलोच्या स्क्वॉटवर ती अडीच टक्के, पण ४० किलोच्या प्रेसवर सव्वासहा टक्के. पाच रेपच्या आसपास काम करताना एक रेप म्हणजे साधारण अडीच-तीन टक्के वजन, असा ढोबळ अंदाज धरता येतो. म्हणजे ४० किलोला जेमतेम पाच-सहा रेप जमत असतील, तर ४२.५ ला तीन ते चारच जमणार. वहीतले ४-४-३ हे त्याच हिशेबाचे उत्तर होते. काही जिममध्ये १.२५ च्या प्लेटाही नसतात, सुरुवातच २.५ पासून. तिथे उडी पाच किलोची, म्हणजे प्रेससाठी अशक्यच.

अर्ध्या किलोची उडी ४० किलोवर सव्वा टक्का होते. प्रत्येक सेटमागे तिची किंमत अर्ध्या रेपच्या आतबाहेर. शरीराला आठवडाभरात तेवढी भर घालणे जमते. मायक्रोलोडिंग म्हणतात ते एवढेच.

त्यासाठी प्लेटा लागतात. एकूण सहा : पाव किलोच्या चार आणि अर्ध्या किलोच्या दोन. एवढ्यांत एका बाजूला ०.२५, ०.५, ०.७५ आणि १ किलो असे चारही टप्पे लावता येतात, म्हणजे बारवर ०.५ पासून २ किलोपर्यंत, आणि त्यापुढे जिमची १.२५ ची प्लेट येते. पाव किलोच्या दोनच घेतल्या तर २ किलोचा टप्पा हुकतो. तयार संच ऑनलाइन मिळतात, पण भोसरी, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक भागात लेझर कटिंगवाला ओळखीचा असेल तर त्याच्याकडून कापून घेणे सोपे. माइल्ड स्टीलचा ६ मिलीमीटर जाडीचा पत्रा, मधले भोक ५२ मिलीमीटर. पाव किलोसाठी बाहेरचा व्यास सुमारे ९७ मिलीमीटर, अर्ध्या किलोसाठी सुमारे १२७. हे ऑलिंपिक बारसाठी, ज्याची स्लीव्ह म्हणजे प्लेटा चढतात ते टोक ५० मिलीमीटरचे असते. घरच्या बारीक रॉडसाठी भोक लहान, म्हणून व्यासही वेगळा काढावा लागेल. कडा कानसून घ्या, नाहीतर बोटे कापतात आणि जिमवाल्याच्या बारलाही चरे पडतात.

एखाद्या दुकानात एम-४८ मापाचे मोठे वॉशर मिळाले तर तेही चालतात. भोक ५० मिलीमीटर, वजन २९०-२९५ ग्रॅम. फक्त आपल्या बारच्या स्लीव्हवर ते सरकते का हे आधी बघायचे. काही बार नेमके ५० चे असतात आणि वॉशर अडकून बसतो. दोन्ही बाजूंना एकेक लावल्यावर उडी ०.५ ऐवजी ०.६ च्या जवळ जाते. त्याने काही बिघडत नाही, वहीत तसे लिहायचे.

आता खरी गोम. पाव किलोच्या प्लेटा आणल्या आणि जिमच्या प्लेटा जशा आहेत तशा लावत राहिलो, तर सगळा खटाटोप फुकट जातो. ओतीव लोखंडाच्या साध्या प्लेटांचे वजन त्यांच्यावर लिहिल्याप्रमाणे असेलच असे नाही. बॅग तोलायच्या लटकत्या काट्यावर जिममधल्या १० किलोच्या प्लेटा लावून पाहिल्या, तर एक ९.६ आणि दुसरी १०.३ अशा निघाल्या. या दोन प्लेटांमधला फरक आपल्या उडीपेक्षा मोठा आहे. आज ही जोडी आणि परवा ती जोडी लावली, तर वजन वाढले की घटले हे कळायला मार्गच उरत नाही.

सर्वांत जास्त गडबड होते ती प्लेटांची अदलाबदल करावी लागते त्या टप्प्यावर. २० किलोच्या बारवर एकूण ३९.५ किलो लावताना एका बाजूला ५, २.५, १.२५ आणि सगळ्या छोट्या प्लेटा मिळून १ किलो असतो. पुढचा टप्पा ४० चा, तिथे सगळे काढून एकच १० ची प्लेट लागते. ती १० ची प्लेट प्रत्यक्षात ९.६ ची असेल तर ४० किलो म्हणून आपण आधीपेक्षा कमी वजन उचलतो आणि खूश होतो. १०.३ ची असेल तर अर्ध्याऐवजी अकराशे ग्रॅमची उडी बसते आणि अचानक एक रेप कमी होतो. असाच सांधा ४४.५ वरून ४५ ला जातानाही येतो. तिथे १.२५ आणि एक किलो निघून २.५ ची प्लेट चढते.

उपाय सोपा आहे. १०, ५, २.५ आणि १.२५ ची प्रत्येकी एक जोडी तोलून निवडायची, तिच्यावर पेंट मार्करने बारीक खूण करायची आणि प्रेसला कायम तीच वापरायची. जिमवाल्याला विचारून खूण करावी, कोणी नाही म्हणत नाही. बारही तोच. २० किलोचा म्हणून असलेला बार साडेएकोणीस किलोचा निघाला तरी हरकत नाही, कारण तो दर वेळी तेवढाच राहतो. खरे वजन किती यापेक्षा दोन दिवसांतला फरक खरा आहे की नाही हे महत्त्वाचे. प्लेटा सरकू नयेत म्हणून लावायच्या स्प्रिंगच्या कॉलरही वजनदार असतात. एके दिवशी लावल्या आणि दुसऱ्या दिवशी नाही, असे करू नका.

प्लेटांइतकेच रेपचेही आहे. अर्धा किलो मोजायचा तर रेप एकाच मापाचा हवा. बार प्रत्येक वेळी खांद्यावर, गळपट्टीच्या हाडाजवळ टेकला पाहिजे, गुडघे ताठ हवेत आणि वर कोपरे पूर्ण सरळ व्हायला हवीत. यातले पहिल्यांदा ढिले पडतात ते गुडघे. दोन-तीन सेंटिमीटर लवून झटका दिला की तो पुश प्रेस झाला, आणि त्यात चार-पाच किलो सहज लपतात. दुसरी पळवाट म्हणजे कंबर मागे वाकवणे. वजन जड झाले की छाती आकाशाकडे जाते आणि प्रेसचा उताणा बेंच होतो. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धांमध्ये प्रेस हा एक प्रकार होता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो काढून टाकला गेला आणि किती वाकणे चालेल हे पंचांना ठरवता येईना, हे त्यामागचे मोठे कारण होते. पंचांची ही गत, तर आरशात बघून स्वतःचे काय कळणार. फोन कमरेच्या उंचीवर बाजूला ठेवून शेवटचा सेट चित्रित करायचा. शंका आलेला रेप वहीत धरायचा नाही.

दोन सेटमधली विश्रांती घड्याळावर चार मिनिटे. संध्याकाळी सातला रॅकभोवती रांग असते आणि 'भाऊ, किती सेट राहिले?' असे विचारणारा कोणीतरी डोक्यावर उभा असतो, तेव्हा चार मिनिटांची दोन होतात. त्या दिवशी तिसऱ्या सेटमधला एक-दीड रेप हमखास जातो आणि वही म्हणते की प्रगती थांबली. सकाळी जाणे जमत असेल तर प्रेसचे दिवस सकाळी ठेवा. प्रेस दिवसाचा पहिला व्यायाम असावा आणि आदल्या दिवशी जड बेंच नसावा.

आता प्रत्यक्ष महिने.

पहिल्या टप्प्यात वजन खाली आणले. ४२.५ वर अडकलेल्या माणसाने ४२.५ पासूनच अर्धा किलो वाढवायला घेतले, तर तो आठवडाभरात पुन्हा अडकतो, कारण तो आधीच पाच रेपच्या मर्यादेपलीकडे आहे. म्हणून ३९ किलो, आठ टक्क्यांच्या आसपास कमी. सोमवार आणि गुरुवार, दोन्ही दिवस ३ सेट, प्रत्येकी ५ रेप, आणि दर वेळी अर्धा किलो वाढ. ३९, ३९.५, ४०, असे चार आठवड्यांत ४२.५. सुरुवातीचे दोन आठवडे इतके हलके जातात की मन उगाच दोन किलो वाढवायला सांगते. ऐकू नये. या हलक्या दिवसांतच बार खांद्यावरून सुटताना चेहऱ्याजवळून सरळ वर नेण्याची सवय लागते, आणि पुढे जड झाल्यावर तीच कामी येते. चौथ्या आठवड्याच्या शेवटी ४२.५ ला ५-५-४ मिळाले. बेरीज १४. आधी तिथेच ११ होते.

इथून दुसरा टप्पा, आणि रेपचे लक्ष्य इथे कामाला येते. आता दर वेळी वजन वाढवायचे नाही. तीन सेटची बेरीज १५ झाली तरच पुढच्या वेळी अर्धा किलो. १३ किंवा १४ आली तर तेच वजन, आणि लक्ष्य फक्त एक रेप जास्त. १२ आली तरी तेच वजन, घाबरायचे नाही. शेवटच्या सेटमध्ये मरेपर्यंत ओढायचे नाही. पुढचा रेप डोळ्यांच्या वर अडकणार हे जाणवले की बार ठेवायचा.

वहीतले आकडे असे गेले. ४२.५ ला १५ झाले. ४३ ला आधी १४, मग १५. ४३.५ ला १३, १४, १४ आणि मग १५. ४४ ला १३, १४, १५. म्हणजे अर्ध्या किलोला कधी एक आठवडा, कधी दोन. या संथपणाची एक गंमत आहे. झोप, जेवण, उन्हाळा, ऑफिसचा ताण यांनी रोजची ताकद एक-दोन किलोंनी सहज वरखाली होते, आणि आपली पायरी मात्र अर्ध्या किलोची आहे. म्हणजे एका दिवसाचा आकडा काहीच सांगत नाही. ४३.५ ला १४ नंतर पुन्हा १४ आले तेव्हा वजन कमी करणे, प्रोग्रॅम बदलणे किंवा नवीन व्यायाम घालणे यांपैकी काहीही करायची गरज नव्हती. माझा नियम असा : त्याच वजनावर सलग तीन वेळा बेरीज वाढली नाही, तरच अडकलो म्हणायचे. त्याआधी तक्रार नाही.

४४.५ ला तसे झाले. १३, पुन्हा १३, मग १२. साधारण अकराव्या आठवड्यात. इथे बरेच जण आणखी लहान प्लेटा शोधायला निघतात, पाव किलोच्या उड्या मारतात. पुरुषांसाठी या वजनावर त्याचा उपयोग नाही, कारण अडचण उडीच्या मापाची राहिलेलीच नसते. आठवड्याला दोनदा तेच जड तीन सेट करून एकूण काम तीसेक रेपचे होत होते आणि दोन्ही दिवस मर्यादेच्या जवळ. ना भरपूर काम, ना पूर्ण विश्रांती. लहान प्लेट वाढ मोजते, वाढ घडवत नाही. घडवायचे काम सेटांचे आणि जेवणाचे.

स्त्रियांचे गणित मात्र वेगळे आहे. २२ किलोवर अर्धा किलो म्हणजे सव्वादोन टक्के, म्हणजे त्यांना खरोखरच बाजूला १२५ ग्रॅमची प्लेट हवी. १५ किलोचा बारही हवा, नाहीतर रिकाम्या बारवरच सुरुवात अडते.

तिसऱ्या टप्प्यात दोन दिवस वेगळे केले. सोमवार जड : तेच ३ सेट, तेच १५ चे लक्ष्य, पण एक किलो मागे जाऊन ४३.५ पासून. गुरुवार कामाचा : ३६ किलो, ५ सेट, प्रत्येक सेटमध्ये एक-दोन रेप हातात राखून थांबायचे, विश्रांती अडीच मिनिटे. पहिल्या गुरुवारी ८-८-७-६-६, बेरीज ३५. लक्ष्य ४०. ते झाले की एक किलो वाढ, अर्धा नव्हे. इथे रेपची पट्टी रुंद आहे, पाच रेपची जागा हातात आहे, त्यामुळे थोडी मोठी उडी पचते. ३६ ला ४० व्हायला तीनेक आठवडे लागले, मग ३७ ला पुन्हा ३६-३७ पासून चढत जायचे.

आठवड्याचे एकूण रेप तीसवरून पन्नासच्या पुढे गेले, आणि जड दिवस मात्र एकच राहिला. सोमवारचे आकडे पुन्हा हलले. ४३.५ आणि ४४ पहिल्याच वेळी १५. ज्या ४४.५ वर अडलो होतो तिथे एकदा १४ आणि पुढच्या सोमवारी १५. ४५ ला जाताना प्लेटांची अदलाबदल होती, पण जोडी तोललेली असल्याने धक्का बसला नाही. त्यानंतर ४५.५, ४६, ४६.५ अशी वाट, काही पायऱ्यांवर एक आठवडा, काहींवर दोन.

मधे नवरात्र आले. उपवासाचे दिवस, साबुदाणा आणि चहावर. नऊ दिवसांत अंगाचे वजन दीड किलोने घटले, आणि प्रेसला ते सर्वांआधी कळते. स्क्वॉटमध्ये पत्ता लागत नाही, डोक्यावरच्या वजनात लगेच लागतो. त्या आठवड्यात लक्ष्य गाठायचा प्रयत्न न करता तेच वजन ४-४-४ असे करून थांबलो. वहीत बाजूला कारण लिहिले आणि तीन वेळांच्या नियमात ती बेरीज धरली नाही. वजन परत आल्यावर आकडेही परत आले. याच कारणाने, ज्यांना चरबी कमी करायची आहे त्यांनी त्या महिन्यांत प्रेसची वाढ मागू नये. आहे ते टिकले तरी भरपूर.

रेप कुठे अडतो हेही टिपून ठेवण्यासारखे आहे. बार कपाळाच्या आसपास थांबत असेल आणि चित्रणात तो चेहऱ्यापासून चार-पाच बोटे पुढे दिसत असेल, तर दोष वाटेचा आहे. बार कपाळ ओलांडताच डोके आणि छाती त्याच्या खाली पुढे यायला हवीत. वाट सरळ असूनही तिथेच थांबत असेल तर तो वजनाचाच प्रश्न. बार खांद्यावरूनच सुटत नसेल तर बहुतेक वेळा श्वास नीट भरलेला नसतो, किंवा मनगटे मागे मोडलेली आणि कोपरे बारच्या मागे गेलेली असतात. पहिला रेप जड आणि दुसरा-तिसरा हलका जात असेल तर वरून खाली येताना मिळणाऱ्या उसळीवर तुम्ही जगताय. गुरुवारच्या सेटांत प्रत्येक रेप खांद्यावर क्षणभर थांबवून करा. माझे पुष्कळसे अडलेले रेप पहिल्या प्रकारचे होते आणि ४६ च्या आसपास केवळ पकड एक बोट आत घेतल्याने वाट सरळ झाली. प्रत्येकाला हेच लागू पडेल असे नाही. कोपराखालचा हात बाजूने आणि समोरून उभा दिसला पाहिजे, तेवढे बघा.

खांद्याच्या पुढच्या भागात टोचणारे दुखणे, विशेषतः बार अर्ध्यात असताना, असेल तर आकडा बाजूला ठेवायचा. अर्धा किलो कमी करून ते जात नाही. तो दिवस सोडायचा आणि टिकून राहिले तर फिजिओथेरपिस्टला दाखवायचे. मांसपेशीचा दुसऱ्या दिवशीचा बोथट ठणका वेगळा, तो चालतो.

सहाव्या महिन्यात ४७ ला १४, मग १५ झाले आणि ४७.५ लावले : पहिल्यांदा १३, पुढच्या सोमवारी ५-५-५. गुरुवार तोवर ३९ वर पोचला होता. ४८ ला मात्र ५-४-४ येऊन तीन सोमवार तिथेच राहिले, नियमाप्रमाणे अडकणे. आता जड दिवशी पाचऐवजी तीन रेपचे ५ सेट घेतलेत, बेरीज तीच १५, सुरुवात ४८.५ पासून, उडी अर्ध्याच किलोची. गुरुवारची मांडणी तशीच ठेवली आहे, फक्त ४० किलोवर खूण केलेली १० ची जोडी पुन्हा चढली आहे.